फ्लॅटचा व्हिडिओ असा काढा की बघणाऱ्याला घराचा नकाशा काढता यावा

माझा दोन बेडरूमचा फ्लॅट भाड्याने द्यायचा होता, तेव्हा मी त्याचा एक व्हिडिओ काढला. हॉल छान दिसत होता, किचन लख्ख होतं, मागे हलकं संगीतही टाकलं होतं. लोक बघायला येत, दारातच थबकत आणि म्हणत, "अच्छा, असं आहे होय." त्या 'होय'मध्ये काय आहे ते कळेना. शेवटी मामेभावाला व्हिडिओ पाठवला आणि सांगितलं, एकदाच बघ आणि कागदावर घराचा नकाशा काढ. त्याने काढला. त्यात बाथरूम किचनला चिकटून होतं, आणि छोट्या बेडरूमची खिडकी पॅसेजमध्ये उघडत होती.

"बाथरूमला किचनमधूनच जायचं ना रे?" त्याने विचारलं.

माझ्या घरात किचन एका टोकाला आणि बाथरूम दुसऱ्या टोकाला आहे. चूक त्याची नव्हती. मी किचनचा शॉट संपवून थेट बाथरूमच्या दारात कट मारला होता, मधला हॉल आणि पॅसेज गाळून. तेव्हापासून माझी कसोटी एकच आहे: घर न पाहिलेल्या माणसाला व्हिडिओ पाहून नकाशा काढता आला पाहिजे. घर सुंदर दिसतं की नाही ते फोटोंवर सोडावं. खोलीला खोली कुठे जोडलेली आहे, दार कुठे उघडतं, कपाट कुठल्या भिंतीला लागेल, हे फोटो सांगू शकत नाहीत. व्हिडिओ त्यासाठीच हवा. शॉटचा क्रम, कॅमेऱ्याची उंची आणि निवेदन या तिन्ही गोष्टी मी या कसोटीवरूनच ठरवतो.

आधी कागदावर वाट आखा

फोन हातात घेण्यापूर्वी घराचा कच्चा नकाशा काढा आणि त्यावर पेन्सिलने चालण्याची रेघ ओढा. रेघ मुख्य दाराच्या बाहेर सुरू होते आणि तिथेच संपते. मधे पेन्सिल उचलायची नाही. ज्या खोलीला दुसरं दार नाही तिथे आत जायचं, वळायचं आणि त्याच दाराने बाहेर यायचं. बाहेर येतानाचे ते दोन-तीन सेकंद बहुतेक लोक कापून टाकतात, कारण त्यात 'काही दिसत नाही'. बघणाऱ्याच्या डोक्यात ती खोली उरलेल्या घराला जोडली जाते ती मात्र त्याच सेकंदांत.

माझं घर उदाहरण म्हणून घेतो. मुख्य दार हॉलच्या आखूड भिंतीत, अगदी डाव्या कोपऱ्यात आहे. हॉल १० फूट रुंद आणि १५ फूट लांब, समोरच्या टोकाला बाल्कनी. डाव्या भिंतीत किचनचं दार. उजव्या भिंतीतून ३ फूट रुंदीचा पॅसेज निघतो. त्यात डावीकडे बाथरूम, उजवीकडे छोटी बेडरूम आणि टोकाला मोठी बेडरूम, तिच्यात स्वतंत्र बाथरूम. वाट अशी ठरली: दाराबाहेर, हॉल, बाल्कनी, पुन्हा हॉल, किचन, पुन्हा हॉल, पॅसेज, बाथरूम, छोटी बेडरूम, मोठी बेडरूम, तिचं बाथरूम, आणि मग पॅसेजमधून हॉलमार्गे मुख्य दार. हॉल यात चारदा येतो. कंटाळवाणं वाटेल ही भीती मलाही होती. पण बघणारा प्रत्येक वेळी हॉलमध्ये परत येतो तेव्हा त्याला आपण कुठे आहोत हे नव्याने समजतं, आणि त्या फेऱ्या मिळून वीसएक सेकंदांच्या वर जात नाहीत.

हॉल सर्वांत देखणा म्हणून त्याचा सुंदर शॉट सुरुवातीला लावून मग दाराकडे येणं, हे जाहिरातीत ठीक आहे. इथे पहिल्याच क्षणी बघणाऱ्याचा पाया हलतो. दाराबाहेरूनच सुरू करा. दार उघडताना ते आत कुठल्या बाजूला जातं हेही त्यात आपोआप दिसतं, आणि चपलांचं कपाट तिथे मावेल का, हा प्रश्न अनेकांच्या मनात असतो.

प्रत्येक खोलीत दोनच शॉट

खोलीच्या मधोमध उभं राहून गोल फिरणं ही सर्वांत मोठी चूक. बघणाऱ्याला चार भिंती सरकताना दिसतात, पण कुठली भिंत दाराची होती ते तो तिसऱ्या भिंतीपर्यंत विसरतो.

कोपऱ्याचा हिशेब बघा. चौकोनी खोलीच्या कोपऱ्यात उभं राहिलात तर अख्खी खोली तुमच्यासमोर ९० अंशांत मावते. फोनची मुख्य लेन्स, म्हणजे स्क्रीनवर 1x दिसते ती, व्हिडिओ काढताना आडव्या चौकटीत साधारण ६० अंश पकडते. फोनागणिक थोडा फरक पडतो. म्हणजे कॅमेरा फक्त ३० ते ४० अंश फिरवला की खोली पूर्ण दिसली. फिरवण्याच्या वेगाबद्दल कॅमेरा चालवणाऱ्यांमध्ये एक जुना ठोकताळा आहे: चौकटीच्या एका कडेला दिसलेली वस्तू दुसऱ्या कडेला पोचायला सुमारे ७ सेकंद लागावेत. त्याहून वेगात फिरवलं की चित्र थरथरत, तुटक सरकतं. ६० अंशांना ७ सेकंद, तर ३० ते ४० अंशांना ४-५ सेकंद पुरतात. खोलीच्या मधोमध उभं राहून पूर्ण गिरकी याच वेगाने घ्यायची तर ४२ सेकंद लागतील. तेवढा धीर कोणाला नसतो, म्हणून लोक गरकन फिरतात आणि व्हिडिओ बघणाऱ्याला भोवळ येते.

त्यामुळे माझी पद्धत अशी. दारात थांबायचं, ३ सेकंद कॅमेरा अजिबात हलवायचा नाही. मग ५ सेकंदांत डावीकडून उजवीकडे फिरवायचा. मग चालत तिरक्या समोरच्या कोपऱ्यात जायचं, साधारण ४ सेकंद. तिथे उजवीकडूनच वळायचं, ८ सेकंद. वळून झालं की ज्या दाराने आलो ते चौकटीत ठेवून पुन्हा ३ सेकंद स्थिर. मग २ सेकंदांत दाराकडे. झाले २५ सेकंद. वळताना ठोकताळ्यापेक्षा वेग जास्त होतो, ते चालतं. त्या वेळी काही वाचायचं नसतं, आपण मागे वळलो एवढंच कळायचं असतं.

यातला दुसरा स्थिर शॉट, दाराकडे पाहणारा, सोडू नका. पहिल्या शॉटमध्ये तुमच्या पाठीमागची भिंत कधीच दिसत नाही, आणि कपाट बहुधा त्याच भिंतीला असतं. शिवाय दार चौकटीत दिसलं की बघणारा मनातल्या मनात 'मी इथून आलो' असं म्हणतो आणि नकाशा पक्का होतो.

फिरवण्याची दिशा सगळ्या घरात एकच ठेवा. माझ्या पहिल्या व्हिडिओत मी एका खोलीत उजवीकडे आणि दुसरीत डावीकडे फिरलो होतो. छोट्या बेडरूमची खिडकी मामेभावाच्या कागदावर पॅसेजमध्ये गेली ती त्यामुळे.

एका दमात सगळं शूट करणं उत्तम, पण तिसऱ्या मिनिटाला फोन वाजला म्हणून सगळं पुन्हा करायची गरज नाही. कट घ्यायचाच तर उंबरठ्यावर घ्या. आधीचा तुकडा ज्या दाराच्या चौकटीवर संपला, पुढचा तुकडा त्याच चौकटीपासून, त्याच अंतरावरून सुरू करा. जोडताना दोन्हीकडे तेच दार दिसलं की डोळा कट मान्य करतो. शूटिंगपूर्वी एकदा फोन खिशात ठेवून ती वाट चालून बघा. कुठे खुर्ची आडवी येते, कुठलं दार आपोआप बंद होतं, हे तेव्हाच कळतं.

कॅमेऱ्याची उंची

उंच माणूस डोळ्यांच्या उंचीवर फोन धरतो, साडेपाच फुटांवर. तिथून गाद्या, टेबलं आणि ओटे वरून दिसतात, खोली खड्ड्यात असल्यासारखी वाटते, आणि त्यावर उपाय म्हणून हात नकळत फोन खाली झुकवतो. फोन झुकला की भिंतींच्या उभ्या कडा खाली एकमेकींकडे झुकतात. बघणाऱ्याला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण खोली विचित्र वाटते.

फोन जमिनीपासून साडेचार फुटांवर धरा, म्हणजे बहुतेकांच्या छातीच्या वरच्या भागाशी. छत ९ फुटांवर असेल तर ही बरोबर मधली उंची आहे. फोन अगदी उभा, पुढे किंवा मागे न झुकता. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये चौकटीवर जाळी दाखवण्याची सोय असते, ती चालू करा आणि जाळीची उभी रेघ दाराच्या चौकटीशी समांतर ठेवा. कोपर बरगड्यांना टेकवा, दोन्ही हातांनी फोन धरा, गुडघे जरासे वाकवून टाच आधी टेकवत चाला. बाकीचा धक्का फोनमधलं स्थिरीकरण शोषून घेतं. वेगळी यंत्रं लागत नाहीत. उंची घरभर टिकवण्यासाठी मी शर्टाच्या दुसऱ्या बटणाची खूण धरतो. हास्यास्पद आहे, पण चालतं.

आता यातली अडचण. आडव्या धरलेल्या फोनची वरखाली नजर फारच कमी असते, साधारण ३६ अंश. साडेचार फुटांवरून सरळ समोर पाहिलं तर १० फुटांवरच्या भिंतीचा फक्त सव्वा फुटापासून पावणेआठ फुटांपर्यंतचा पट्टा दिसतो. जमीन दिसतच नाही, ती जवळजवळ १४ फुटांपलीकडे चौकटीत येते. छोट्या खोल्यांत फरशी आणि छत दोन्ही गायब होतात ते यामुळेच. फोन उभा धरला तर उलट होतं: फरशी आणि छत येतं, पण त्याच भिंतीची साडेअकराऐवजी साडेसहा फूटच रुंदी दिसते आणि खोली नळीतून पाहिल्यासारखी होते. भिंतींचा परस्परसंबंध कळणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं, म्हणून मी आडवाच धरतो, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मधेच फोन उभा केलात तर व्हिडिओ वळत नाही, खोलीच आडवी पडते.

फरशीसाठी वेगळी तजवीज करतो. दाराकडे पाहणाऱ्या दुसऱ्या स्थिर शॉटनंतर फोन सावकाश, तीनेक सेकंदांत, खाली झुकवतो आणि पुन्हा सरळ करतो. ठरवून केलेली ही हालचाल खटकत नाही. खोलीभर नकळत झुकलेला फोन मात्र खटकतो.

किचनमध्ये उंची जरा वाढवा. ओटा साधारण ३ फुटांवर असतो. कॅमेरा साडेतीन-चार फुटांवर आला की ओट्याचा पृष्ठभाग एका रेषेत दबतो आणि फक्त खालच्या कपाटांची दारं दिसतात. काम करायला किती जागा आहे, सिंकच्या कुठल्या बाजूला भांडी ठेवता येतील, हे बघायला लोक व्हिडिओ थांबवतात. म्हणून इथे ५ फुटांवर धरा, ओट्याच्या लांबीच्या दिशेने बघा आणि किंचित झुकवा. बाथरूममध्ये आत शिरू नका. उंबरठ्यावर उभं राहून हात आत लांबवा, ४ फुटांवर, आणि आरसा समोर असेल तर चौकटीच्या एका बाजूला सरका. आरशात फोन धरलेला तुमचा हात दिसला की बघणारा काही सेकंद फक्त तुम्हालाच बघतो.

छोटी खोली पाहिली की 0.5x वर बोट जातं. ती रुंद लेन्स चौकटीच्या कडेच्या वस्तू ताणते आणि समोरची भिंत दूर ढकलते, त्यामुळे ९ बाय १० ची खोली दिवाणखान्यासारखी भासते. माझ्याकडे येणारे लोक दारात थबकत होते त्याचं दुसरं कारण हेच होतं. मी सगळा पहिला व्हिडिओ रुंद लेन्सने काढला होता. मोठं दाखवून बघायला आणलेला माणूस घर घेत नाही, त्याचा आणि आपला अर्धा दिवस जातो. अपवाद फक्त बाथरूमचा. तिथे 1x मध्ये खरोखरच काही मावत नसेल तर रुंद लेन्स वापरा आणि निवेदनात सांगा की हा भाग रुंद लेन्सने घेतला आहे, आतली मापं अमुक आहेत.

उजेड

दिवसा, सगळ्या खिडक्यांचे पडदे उघडून शूट करा. घरातले दिवे एकतर सगळे चालू नाहीतर सगळे बंद. अर्धे चालू ठेवले की एका खोलीत भिंत पिवळी आणि पुढच्या खोलीत निळसर दिसते, आणि लोक विचारतात की रंग वेगवेगळे आहेत का. मी बंद ठेवतो, कारण खोलीत दिवसा खरा उजेड किती येतो हे भाडेकरूला जाणून घ्यायचं असतं. पॅसेज किंवा खिडकी नसलेलं बाथरूम असेल तर फक्त तिथला दिवा लावा.

खिडकी चौकटीत आली की फोन सगळं चित्र काळं करतो, गेली की पुन्हा उजळ करतो. हा चढउतार टाळण्यासाठी खोलीत शिरल्यावर भिंतीच्या मध्यम उजेडाच्या भागावर बोट काही वेळ दाबून धरा. आयफोनवर AE/AF LOCK अशी पट्टी दिसते, इतर बहुतेक फोनांत कुलपाचं चिन्ह येतं. खिडकी पांढरी पडेल, पडू द्या. खिडकीबाहेर काय आहे ते बाल्कनीत वेगळं दाखवा. सलग शूट करत असाल तर प्रत्येक दारातले ते ३ स्थिर सेकंद हे कुलूप बदलायला उपयोगी पडतात.

दिव्यांचा उजेड चित्रात पट्ट्यांसारखा वरखाली सरकत असेल तर तो फोन आणि विजेच्या वारंवारतेचा झगडा आहे. ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला २५ चित्रं आणि ६० हर्ट्झच्या विजेवर ३० चित्रं निवडली की तो बहुधा जातो. आणि सगळ्यात आधी लेन्स स्वच्छ रुमालाने पुसा. बोटाचा तेलकट ठसा खिडकीचा उजेड सगळ्या खोलीभर पसरवतो आणि आपण दोष फोनला देतो.

निवेदन: जे दिसतं ते बोलू नका

"हा आहे आपला हॉल. बघा, किती प्रशस्त. ही खिडकी, इथून छान वारा येतो." अशी निवेदनं ऐकून माणूस आवाज बंद करतो. हॉल आहे हे दिसतंय. प्रशस्त आहे की नाही ते तो ठरवेल. डोळ्यांना जे कळणार नाही तेवढंच सांगायचं: मापं, दिशा, आवाज, काय घरात राहणार आणि काय जाणार, कुठली भिंत शेजाऱ्याला लागून आहे, पाणी किती जोरात येतं.

मी निवेदन शूटिंगच्या वेळी करत नाही. चालता चालता बोललं की धाप लागते, शिवाय बोलणं संपवण्यासाठी पाय घाई करतात. आणि रिकाम्या घरात आवाज घुमतो. खोलीत एकदा टाळी वाजवून बघा, शेपटीसारखा नाद मागे राहिला तर तिथे केलेलं निवेदन विहिरीतून आल्यासारखं ऐकू येणार. चित्र आधी शांतपणे काढा, घराचे मूळ आवाज त्यात राहू द्या, आणि निवेदन नंतर कपडे किंवा अंथरुणं असलेल्या छोट्या खोलीत, फोन तोंडापासून वीतभर अंतरावर आणि जरा बाजूला धरून नोंदवा. जोडताना निवेदन नसेल तिथे मूळ आवाज नेहमीसारखा ठेवा, निवेदनाखाली अगदी हलका करा.

किती बोलायचं? सावकाश वाचताना सेकंदाला साधारण दोन शब्द जातात. माझा व्हिडिओ २३८ सेकंदांचा झाला, म्हणजे पावणेपाचशे शब्द मावले असते. मी सव्वादोनशे लिहिले. उरलेला वेळ गप्प. बोलणं स्थिर शॉटवर आणि सावकाश फिरण्यावर ठेवा, वळताना बोलू नका, कारण वळताना बघणाऱ्याचं सगळं लक्ष आपण कुठे आहोत यावर असतं.

दिशा सांगताना 'इकडे', 'तिकडे', 'त्या बाजूला' हे शब्द बाद. डावं-उजवं म्हणायचं ते त्या क्षणी कॅमेरा ज्या दिशेला बघतोय त्याप्रमाणे. पूर्व-पश्चिम फक्त एकदा, दारात शिरताना सांगायचं. किचनच्या ३५ सेकंदांसाठी मी लिहिलेला मजकूर असा होता:

"किचन सात बाय नऊ फूट. ओटा आठ फूट लांब आहे. सिंकच्या उजवीकडे तीन फूट मोकळी जागा राहते. फ्रिजसाठी कोनाडा सव्वादोन फूट रुंद, प्लग त्याच्या मागे. वरची कपाटं घरात राहतील, गॅसची शेगडी राहणार नाही. आता नळ उघडतो."

मग चार सेकंद नुसता नळाचा आवाज. पाण्याचा जोर सांगायला याहून चांगलं निवेदन नाही. बाथरूममध्ये फ्लश आणि शॉवरचंही तसंच करा. बाल्कनीत २० सेकंदांपैकी निदान १० सेकंद गप्प राहा आणि रस्त्याचा आवाज येऊ द्या. तो लपवण्यासाठी संगीत टाकू नका. रस्ता गजबजलेला असेल तर बघायला आलेल्या माणसाला तो पहिल्याच मिनिटाला ऐकू येणारच आहे.

मापं बोलताना खोलीचं क्षेत्रफळ सांगण्यात अर्थ नाही. लोकांना हवी असतात ती दारं, कोनाडे आणि मोकळ्या भिंती यांची मापं. 'दोन खिडक्यांमधली भिंत साडेसहा फूट' एवढ्या एका वाक्यावरून पलंग बसेल की नाही हे ठरतं. मोजपट्टी घेऊन आधी मोजा, अंदाजाने बोलू नका. अंदाज नेहमी मोठाच निघतो.

दोष सांगायचे का? हो, आणि दाखवायचेही. माझ्या मोठ्या बेडरूमच्या बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर ओलीचा डाग होता. दुसऱ्या व्हिडिओत मी त्याच्याजवळ जाऊन ५ सेकंद थांबलो आणि निवेदनात म्हटलं, "ही ओल बाथरूमच्या सांध्यातून येते. सांधा भरून घेतला आहे, रंगकाम राहायला येण्याआधी होईल." डाग दूरून ओझरता दिसला असता तर लपवलंय असं वाटलं असतं. जे करायचं नक्की नाही ते मात्र बोलू नका, आवाजातलं आश्वासन लोक लक्षात ठेवतात.

माझ्या व्हिडिओचा हिशेब

दाराबाहेर ८ सेकंद. दार उघडून पहिली नजर १५. हॉल २५. बाल्कनी २०. किचन ३५. हॉल ओलांडून पॅसेज १०. बाथरूम २५. छोटी बेडरूम २५. मोठी बेडरूम ३५, त्यात १० ओलीच्या डागासाठी. तिचं बाथरूम २०. परत मुख्य दारापर्यंत २०. बेरीज २३८, म्हणजे चार मिनिटांना दोन सेकंद कमी. परतीचे २० सेकंद काही लोक बघत नाहीत, पण जे घराचा गंभीरपणे विचार करतात ते हाच भाग पुन्हा पुन्हा बघतात. त्यावर मी काहीच बोललो नाही. पहिल्यांदा आत जाताना पाहिलेली प्रत्येक खोली आता उलट बाजूने, उघड्या दारातून जाताजाता दिसते.

कोणी राहत असताना

घरात सध्याचा भाडेकरू असेल तर त्याची परवानगी आणि वेळ आधी ठरवा, आणि शूट झालेला व्हिडिओ कोणालाही पाठवण्याआधी त्याला दाखवा. भिंतीवरचे फोटो, टेबलावरची कागदपत्रं, औषधं, खुंटीवरच्या किल्ल्या, राउटरवर चिकटवलेला वायफायचा पासवर्ड हे आधी हलवा किंवा झाका. दाराबाहेरच्या शॉटमध्ये शेजाऱ्यांची नावाची पाटी येऊ देऊ नका, आणि मुख्य दाराच्या कुलपाजवळ कॅमेरा नेऊ नका. फोन व्हिडिओत ठिकाणाची नोंदही साठवतो. पत्ता फक्त भेटीला येणाऱ्यालाच द्यायचा असेल तर शूटिंगपूर्वी कॅमेऱ्याची ठिकाणाची परवानगी बंद करा.

सामान असलेल्या घरात आणखी एक गोंधळ होतो: काय घराचं आणि काय माणसाचं, ते कळत नाही. प्रत्येक खोलीत एक वाक्य त्यासाठी राखा. "या खोलीतलं फक्त भिंतीतलं कपाट घराचं आहे" एवढं पुरतं.

पाठवण्याआधी

दुसरा व्हिडिओ तयार झाल्यावर मी तो मामेभावाला पाठवला नाही, त्याला घर एव्हाना पाठ झालं होतं. त्याच्या बायकोला पाठवला. वहिनींनी एकदा पाहिला आणि नकाशा काढला. सगळ्या खोल्या जागच्या जागी होत्या, फक्त मोठ्या बेडरूमचं दार त्यांनी बाहेर उघडणारं दाखवलं होतं. पुन्हा पाहिलं तर लक्षात आलं, मी आत शिरलो तेव्हा ते दार आधीच उघडं होतं आणि भिंतीआड गेलेलं होतं. दुरुस्तीला शूटिंग लागलं नाही. निवेदनात चार शब्द वाढवले: "दार आत, डावीकडे उघडतं."

तुमच्या नकाशात चूक निघाली तर ती कुठल्या प्रकारची आहे ते बघा. खोली भलत्या जागी गेली असेल तर मधला रस्ता कापला गेला आहे, तो तुकडा पुन्हा काढावा लागेल. खोली जागेवर पण खिडकी भलत्या भिंतीत असेल तर कॅमेरा उलट दिशेला फिरला आहे किंवा दाराकडे पाहणारा शॉट राहिला आहे. आकार चुकला असेल, चौकोनी खोली लांबट झाली असेल, तर लेन्स तपासा. आणि फक्त दारं-कपाटं चुकली असतील तर निवेदनात वाक्य घालून भागतं.

फाइल मेसेजिंग ॲपवरून तशीच पाठवली तर ती दाबली जाते आणि भिंतीवरचे प्लग दिसेनासे होतात. ती ऑनलाइन साठवणीत ठेवून दुवा पाठवा, किंवा ॲपमध्ये दस्तऐवज म्हणून जोडा. निवेदनाच्या पहिल्या वाक्यात महिना आणि वर्ष बोला. पुढच्या वेळी घर रिकामं होईल तेव्हा हाच व्हिडिओ वापरायचा मोह होतो, आणि तोवर गीझर बदललेला असतो.